सोनूबाईचा ओरडा चॅनलवर परत आला

आमच्या अंगदला जाफराबादेत कुणी नावानं हाक मारत न्हाई. पंपवाला म्हणतात. बस स्टँडच्या मागं त्याचं फवारणी पंपाचं दुरुस्तीचं दुकान हाय, आणि हातात पंप घेतला की तो आधी कानाशी धरतो, एखाद्या लेकराचा ताप पाहावा तसा. माझ्या भावाचा मुलगा म्हणून सांगत न्हाई, पण पंपातलं त्याला कळतं. बाकी काही कळतं असं मी तरी कधी म्हणले न्हाई.

तर या अंगदचं यूट्यूबवर चॅनल हाय. आता त्याचं नाव 'अंगद पंप क्लिनिक'. पण आठ वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, याच चॅनलचं नाव होतं 'अंगद किलर बॉईज'. बॉईज म्हणजे हा एकटाच. मोटरसायकलवर हात सोडून बसायचा आणि तेच टाकायचा. मंग गणपतीचा डीजे, मंग भाच्याचा वाढदिवस, मंग म्हैस व्याली तो सगळा कार्यक्रम. मध्येमध्ये पंप. असे तीनशे चाळीस व्हिडिओ साठलेले. आमच्या घरातल्या पेटीत जसं लग्नाच्या साडीखाली जुनं वीजबिल सापडतं ना, तशी गत.

हे सगळं त्याला कधी लागलं न्हाई. लागलं ते यंदा उन्हाळ्यात. जालन्याला शेतीचं प्रदर्शन होणार होतं आणि तिथं पंपाचं प्रात्यक्षिक दाखवायला माणूस पाहिजे होता. अंगदनं मोठ्या ऐटीत चॅनलची लिंक पाठवली. प्रदर्शनाच्या साहेबांनी ती पाहिली आणि फोन करून अगदी सभ्यपणे विचारलं, की तुम्ही नक्की काय करता. वर उघडल्याबरोबर त्यांना दिसला होता केक आणि भाच्याच्या नाकाला लागलेली क्रीम. अंगद दोन दिवस जेवला न्हाई बराबर. साहेब म्हणाले होते, दिवाळीनंतर बघू, तोवर जरा नीट करा.

नीट करायचं म्हणजे आकांक्षानं करायचं. आकांक्षा त्याची बायको, दुकानाच्या शेजारीच ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर चालवते. डोकं थंड, बोलणं कमी. अशी सून आमच्या खानदानात कशी आली ते देवाला माहीत. तिनं पहिलंच सांगितलं की व्हिडिओ कमी केले म्हणून यूट्यूब कुणाला डोक्यावर घेत न्हाई. एवढंच होतं की नवीन माणूस आला तर त्याला कळतं, दुकान कशाचं हाय.

मंग दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं तिच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. मोबाईलवर एकेक व्हिडिओ उघडून बदलावा लागतो, कॉम्प्युटरवर पन्नासावर टिक केली की पन्नास एकदम लपतात. तिनं वहीत तीन रकाने पाडले. ठेवायचे, लपवायचे, काढून टाकायचे. पंप नसलेला व्हिडिओ लपवायचा, म्हणजे प्रायव्हेट करायचा. आपल्याला दिसतो, जगाला न्हाई. भाच्याचा वाढदिवस तिकडं गेला, म्हैस तिकडं गेली. म्हशीला चार हजार लोकांनी पाहिलं होतं, अंगदच्या सगळ्या पंपांपेक्षा जास्त, म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. आकांक्षा म्हणाली, त्या चार हजारांतला एक तरी पंप घेऊन आला का. तेव्हा म्हैस गेली.

जे पंपाचे होते त्यांना सगळ्यांना एकसारखं पिवळं चित्र, एकसारखं अक्षर, आणि नावात आधी बिघाड, मंग उपाय. पाहायला खरंच छान दिसू लागलं. एका रांगेत वाळत घातलेल्या पापडांसारखं. मीही म्हणले, पोरी, शाबास.

चूक झाली ती शेवटच्या दिवशी. आकांक्षा माहेरी केदारखेड्याला गेल्ती आणि अंगद एकटा बसला. पंपाचे पण जुने, अंधारातले, पाचशेच्या आत पाहिलेले असे काही उरले होते. त्यातले तीन त्यानं लपवले. चौथा मात्र लपवला न्हाई, कायमचा उडवला. का, तर त्यात त्याची आई होती.

त्याची आई म्हणजे सोनूबाई, माझी वहिनी. चाळीस वर्षं मी तिची नणंद हाय, तेव्हा तिच्याबद्दल मी बोललेलं निम्मंच धरा. त्या व्हिडिओत अंगद नोझल साफ कसं करायचं ते दाखवत होता. नोझल म्हणजे पंपाच्या नळीचं टोक, जिथून फवारा उडतो. त्यात कचरा अडकला की आपल्याकडं सगळे एकच करतात, तोंडाला लावून फुंकतात. अंगदनंही बोलता बोलता तेच केलं, नोझल तोंडाकडं नेलं. आणि मागून, कॅमेऱ्यात न दिसता, वहिनीचा आवाज आला.

"आरं मुडद्या, तोंडात काय घालतो ते? औषध हाय का साखर हाय?"

त्याचा चेहरा जो पडला तो पडला. मंग गुपचूप जुना दात घासायचा ब्रश घेतला, बादलीतल्या पाण्यात नोझल धुतलं, आणि व्हिडिओ संपला. चार वर्षांपूर्वी कापायला येत नव्हतं म्हणून तसाच टाकला. आता पंप क्लिनिकच्या डॉक्टरला आईनं मुडद्या म्हणलेलं कसं चालंल. यूट्यूबनं दोनदा विचारलं, कायमचा काढू का. यानं दोनदा हो म्हणलं.

जुलै गेला. कपाशीवर फवारणी सुरू झाली आणि फोन यायला लागले. पहिला फोन कारभारी नावाच्या गिऱ्हाइकाचा, ज्याच्या शेतावर आठ-दहा मजूर फवारणीला असतात. तो म्हणाला, झाकणावरचं स्टिकर मोबाईलला दाखवलं तर व्हिडिओ न्हाई म्हणतंय.

स्टिकर असं होतं, की चार वर्षांपूर्वी अंगदनं प्रेसमधून चौकोनी ठिपक्यांची चारशे स्टिकरं छापून आणली होती. दुरुस्त झालेल्या प्रत्येक पंपाच्या झाकणावर आतून एक चिकटवायचं. मोबाईल धरला की व्हिडिओ उघडतो. त्याला आजवर वाटत होतं, स्टिकरनं आपलं चॅनल उघडतं. प्रत्यक्षात प्रेसवाल्यानं त्यात चार व्हिडिओंच्या लिंका घातल्या होत्या, शंभर-शंभर. कोणते चार, ते तुम्ही ओळखलंच असंल.

आकांक्षा आली आणि व्हिडिओंचे आकडे उघडून बसली. मंग तिनं दाखवलं, की ते तीन व्हिडिओ थोड्याच लोकांनी पाहिले हायेत, पण जो पाहतो तो जवळपास शेवटपर्यंत पाहतो, आणि तो शोधून आलेला न्हाई, थेट लिंकवरून, म्हणजे स्टिकरवरून, आलेला हाय. "आपण किती जणांनी पाहिलं एवढंच मोजलं," ती म्हणाली. "कोण पाहतंय ते पाहिलंच न्हाई. माझीबी चूक हाय."

तिनं तीन व्हिडिओ प्रायव्हेटवरून काढून अनलिस्टेड केले. म्हणजे चॅनलवर दिसत न्हाईत, पिवळी रांग बिघडत न्हाई, पण ज्याच्याकडं लिंक त्याला उघडतात. दोन मिनिटांचं काम. तीनशे स्टिकरं जिवंत झाली. उरली आईवाली शंभर. उडवलेला व्हिडिओ परत येत न्हाई, आणि नवा टाकला तर त्याची लिंक नवी. ती स्टिकरं मेली ती मेलीच.

अंगद म्हणाला, त्यात काय, चांगला उजेडात नवा काढतो. तेवढ्यात कारभारीची आई चांगुणाबाई दुकानात आली. म्हातारी बाजारासाठी आलेली, पिशवीत पंपाचं नुसतं झाकण. ती म्हणाली, दरसाली फवारणीच्या आधी मी मजुरांना तोच व्हिडिओ दाखवते. मी फुंकू नको म्हणलं की हसतात. पण तुझी माय ओरडली की एकजणबी तोंडाला लावत न्हाई. गेल्या साली आलेलं पोरगं तर ब्रश खिशात घेऊन फिरायचं. "तुझ्या दुसऱ्या व्हिडिओत तू लई शहाणा दिसतो," ती म्हणाली. "शहाण्याचं कोण ऐकतं, बाबा?"

मंग आईची मनधरणी सुरू झाली. वहिनीला नवी साडी नेसवून दुकानात उभं केलं. अंगदनं नोझल तोंडाकडं नेलं, आणि ज्या बाईनं आयुष्यभर आम्हांला विनाकारण झापलं, ती हात जोडून म्हणते, "कृपया तोंडाने फुंकू नये." पुन्हा घेतलं. पुन्हा कृपया. तिसऱ्यांदा तर तिनं नमस्कारबी केला. मी हसून हसून बाहेर जाऊन बसले. अंगदचंबी खरं वाटत नव्हतं, कारण आई ओरडली त्या दिवसापासून त्यानं कधी नोझल फुंकलेलंच न्हाई. हात अर्ध्या वाटेत थांबायचा.

शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, माझ्या मोबाईलमध्ये असंल की, कारभारीनं मजुरांच्या ग्रुपवर टाकला होता. आकांक्षानं शोधला. सापडला. आधीच अंधारा, त्यात व्हॉट्सॲपवरून आलेला म्हणून आणखी धुरकट, पण वहिनीचा आवाज जसाच्या तसा, खणखणीत.

आता ठरवायचं अंगदला होतं. साहेबांचा निरोप दिवाळीनंतरचा, पिवळी रांग सुंदर, आणि मधोमध हा मुडद्या. आकांक्षा म्हणाली, अनलिस्टेड टाकू, साहेबांना दिसणार न्हाई. अंगदनं बराच वेळ ते झाकण हातात फिरवलं. मंग म्हणाला, "न्हाई. सगळ्यात वर ठेव. त्यालाबी पिवळं चित्र लाव."

नाव ठेवलं, 'नोझल तुंबलं? आईचं ऐका.' आणि या वेळी स्टिकर करताना आकांक्षानं व्हिडिओची लिंक घातली न्हाई, प्लेलिस्टची घातली. आतला व्हिडिओ उद्या बदलला तरी स्टिकर मरणार न्हाई.

मेलेली स्टिकरं कुणाच्या घरी ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांना निरोप दिला, की बाजारच्या दिवशी येताना पंप आणू नका, नुसतं झाकण आणा. आणि लोकांनी आणली. भाजीच्या पिशवीत झाकण, शर्टाच्या आत झाकण, एकानं तर डोक्यावर उलटं घालून आणलं. तीन बाजारांत त्या शंभरातली चौऱ्याऐंशी झाली. अंगद स्टुलावर बसून खरवडतो, पुसतो, चिकटवतो. प्रदर्शनाच्या साहेबांना त्यानं चॅनलची लिंक परत पाठवली हाय, आईसकट. उत्तर अजून आलं न्हाई, पण जेवतो आता बराबर.

आणि वहिनी दुकानासमोर खुर्ची टाकून बसते. येणारा प्रत्येक माणूस तिला पाहून म्हणतो, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच का. ती पदर सावरते, लाजते. परवा एकानं झाकणाबरोबर नोझलबी आणलं होतं, आणि बोलता बोलता सवयीनं तोंडाकडं नेलं.

अख्ख्या बस स्टँडला ऐकू गेलं. अंगदनं मान वर न करता पुढचं झाकण घेतलं, आणि मी आकांक्षाला म्हणले, पोरी, हे काढायचं होतं की गं मोबाईलवर.

ती म्हणाली, काढलं, आत्या.