बॅटरीला बांधलेली गाठ

तोंडवलीच्या लवूचा गाठ मारण्यात हात धरणारा कोणी नाही. जाळं, नांगराचा दोर, बैलाचं दावं, काय वाट्टेल ते द्या. लवूने बांधलं म्हणजे बांधलं. माणूस मात्र हट्टी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक मारायला बंदी घातली आणि नेमका त्याच महिन्यात मोटारसायकलचा बटणाचा सेल्फ-स्टार्ट रुसला.

मग काय, रोज सकाळी सून किक मारून देई. बायको चंद्रावती माशांची टोपली घेऊन मागे बसे. पण वाटेत गाडी बंद पडली की लवू येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारी, "रे बाबा, एक किक मारतंस?" लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मुलाने, निलेशने, गिऱ्हाईकच आणलं. "बाबा, गाडी इकूया. तासाभरान माणूस येतलो."

गाडी गेली म्हणजे घरात बसायचं, आणि घरात बसणं लवूला ठाऊकच नव्हतं. सुनेकडून एक किक मारून घेतली आणि तो तडक प्रितमच्या गॅरेजवर गेला.

"रिले गेलो आसतलो," लवूने गाडी बंद करता करताच निदान करून टाकलं. "नायतर हो इंजिन बंद करूचो किल स्विच."

"काका, किल स्विच बंद आसतो तर किकेनंसुद्धा गाडी चालू झाली नसती," प्रितम हसला. "तो बरो आसा."

त्याने चावी फिरवून हॉर्न दाबला. हॉर्न खणखणीत. सेल्फचं बटण दाबलं. आत 'टक' झालं, न्यूट्रलचा हिरवा दिवा विझला आणि सगळं गप्प.

"टक करता म्हणजे रिलेक, मोटारीक करंट सोडणाऱ्या स्विचाक, हुकूम पोचता. पण मोटार जोर मागता तेव्हा करंट मधीच अडाकता." प्रितमने बॅटरीला मीटर लावला. बॅटरी भरलेली. मग तो वायर जोडतात त्या टर्मिनलकडे वाकला आणि बघतच राहिला. "काका, ह्यां काय?"

टर्मिनलचा नट गायब! त्या जागी जाळ्याच्या नायलॉनची घट्ट गाठ, खाली खाऱ्या वाऱ्याने साचलेला बुरशीसारखा पांढरा-हिरवा थर.

"नट खंय पडलो कोण जाणे. म्हणान बांधलंय," लवू पुटपुटला. "माझी गाठ कधी सुटना नाय रे!"

"सुटाक नायच! पण हॉर्नाक पुरता तेवढोच करंट जाता हेतून. सेल्फाक पुरना नाय."

लवूचा चेहरा असा पडला, की प्रितमला हसूही आवरेना आणि वाईटही वाटलं. त्याने गाठ कापली, वायर सोडली, थर पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, नवा नट घट्ट आवळला, वर व्हॅसलीन चोपडलं.

तेवढ्यात निलेशचा फोन आला. "बाबा, माणूस इलोहा. खंय आसास?"

लवूने फोन सायलेन्सरजवळ धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं. गाडी पहिल्याच दमात धडधडली.

"आयकलंस?" तो ओरडला. "त्येका चाय दी आणि वाटेक लाव! आणि तुझ्या आवशीक सांग, टोपली भर म्हणान. मी इलंय."