बंद कार्ड आणि पोहण्याचा पोशाख

साठी ओलांडल्यावर पोहायला शिकायचे मी ठरवले, आणि हे कोणालाही कळू द्यायचे नाही, हेही त्याच वेळी ठरवले. कराडच्या तलावावर महिलांसाठी वेगळी वेळ होती; पोहण्याचा पोशाख मात्र सक्तीचा होता. आमच्या नेहमीच्या कापड दुकानदाराकडे मी आजवर सुती साड्याच मागितल्या होत्या. त्याच्यासमोर हा शब्द उच्चारणे मला अशक्य होते. म्हणून मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा एक पोशाख मी परदेशी संकेतस्थळावर निवडला. पैसे भरताना मात्र कार्ड नाकारले गेले. खात्यात शिल्लक पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या बँकेत गेले.

"कार्ड चालत नाही," मी पुटपुटले.

"काय म्हणालात?" खिडकीतल्या तरुण अधिकारी बाईंनी विचारले.

"कार्ड चालंना म्हणत्यात!" माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या आजींनी माझे म्हणणे साऱ्या शाखेला पोचवले. "पैसं संपलं असतील, दुसरं काय?"

"पैसे आहेत हो," मी कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले.

अधिकारी बाई हसल्या. "नवं कार्ड आहे ना, मॅडम? त्यावर ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो. ॲप उघडा, कार्ड सेटिंग्जमध्ये जा, ऑनलाइनचं बटण सुरू करा."

मी ते सुरू केले, आभार मानले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा प्रयत्न केला. कार्ड पुन्हा नाकारले गेले. मला परत खिडकीशी यावे लागले.

"दुकान भारतातलंच आहे ना?"

"परदेशातलं," मी कबूल केले.

"मग नुसतं देशातलं सुरू करून कसं चालेल? आंतरराष्ट्रीयचा भाग वेगळा असतो. त्यातही ऑनलाइन सुरू करा, मर्यादा घाला. काम झालं की बंद करून टाका. आणि आता इथेच करून बघा."

"काय आणताय फारीनवरनं?" आजींनी विचारले.

"पुस्तक," मी म्हणाले, आणि नेमका त्याच वेळी फोनच्या पडद्यावर तो जांभळा पोशाख उमटला. परदेशी दुकानाने ओटीपीसुद्धा मागितला नाही. पैसे गेल्याचा संदेश मात्र खणखणीत वाजला.

आजी माझ्या खांद्यावरून वाकल्या होत्या. "आवं, ह्यो तर पवायचा डगला! पुस्तक म्हणं! आमी लुगड्याचा काचा मारून कृष्णेत पवायचो, तवा कुनाला कार्ड लागलं न्हाई."

रांग खदखदून हसली. जमीन दुभंगण्याची मी वाट पाहत होते, तेवढ्यात अधिकारी बाई खिडकीतून पुढे झुकल्या आणि माझ्याहूनही हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, लिंक पाठवाल का? माझ्या मापाचा इथे मिळत नाही, आणि दुकानात विचारायची मला लाज वाटते."

"काय म्हनली ती?" आजींनी विचारले.

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.