कशाचे टक्के?

मी सातवीला टक्केवारी शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, 'कशाचे टक्के?' पोरं वीस टक्के, तीस टक्के अशी घोकत सुटतात, त्यांना थांबवून विचारते, अरे, पण कशाचे? हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा माझा शिरस्ता. घरी मात्र मी दहा महिने हा प्रश्न विचारला नाही. त्या दहा महिन्यांची आठवण आली की आजही मला माझीच किळस येते. घरच्यांची येते ती वेगळी.

आमचं गाव कळंबपासून एसटीनं अर्ध्या तासावर. मी कळंबच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. बी.एस्सी. आहे, पण बी.एड. नाही, म्हणून पगार बारा हजार. बी.एड. झालं तर पुढं काही आशा, नाहीतर आयुष्यभर कमी पगाराची बाई. प्रवेशाचा पहिला हप्ता चोवीस हजार होता.

एकदा शाळेत पैशाच्या नियोजनाचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सोपं सांगितलं: पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला, आणि तिन्ही रकमांची बेरीज पगाराइतकी आलीच पाहिजे. मी तिथंच हिशोब मांडला. सहा हजार, तीन हजार सहाशे, दोन हजार चारशे. बेरीज बारा हजार. बचत दहा महिने केली की चोवीस हजार. हप्ता जमला. हे इतकं नेमकं बसलं की मी जेवणाच्या सुट्टीत दोघी-तिघींना सांगूनही टाकलं.

कागद मी मोठ्या आनंदानं घरी आणला. नवरा म्हणाला, "वाटणी मामा करतील. हिशोबात त्यांचा हात बसलेला हाय." मामा म्हणजे माझे सासरे. कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. एटीएम कार्ड तसंही नवऱ्याकडेच असायचं. मला बरंच वाटलं. सुनेच्या बचतीची सासऱ्यांनी काळजी घ्यावी, याहून काय हवं?

दर महिन्याला मामा कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायचे: गरज ५०, हौस ३०, बचत २०. खाली रेघ, एकूण १००, आणि बरोबरची खूण. मला हाक मारून दाखवायचे. "बघ पोरी, शंभर झालं का न्हाय?" मी म्हणायची, झालं मामा. रुपये कुठंच लिहिलेले नसायचे. गणिताची मास्तरीण त्या शंभराला मान डोलावून स्वयंपाकाला जायची. बचत ते पोस्टातल्या माझ्या खात्यात भरायचे आणि पासबुक त्यांच्या पेटीत राहायचं. वडीलधाऱ्यांकडं पासबुक मागायचं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आम्हाला शिकवलेलं.

जूनमध्ये प्रवेशाची तारीख लागली तेव्हा मी पासबुक मागितलं. मामांनी लगेच दिलं, काही लपवलं नाही. पोस्टाच्या दारातच उघडलं. दर महिन्याला आठशे चाळीस. दहा ओळी, दहाही ओळीत आठशे चाळीस. आठ हजार चारशे आणि वर व्याजाचे चार पैसे. मी कारकुनाला विचारलं, पासबुक माझंच आहे ना? तो म्हणाला, नाव वाचा की, मॅडम.

घरी आले. मामा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. नवरा शेजारीच होता. मी विचारलं, "मामा, बारा हजारांचे वीस टक्के आठशे चाळीस कसे?"

"नियमानं केलंय," ते शांतपणे म्हणाले. "आधी गरजेचं पन्नास काढलं, सहा हजार. राह्यलं सहा. त्याच्यावर हौसेचं तीस टक्के, अठराशे. राह्यलं बेचाळीसशे. त्याचं वीस टक्के, आठशे चाळीस. मोंढ्यात असंच असतंय. ओलाव्याची कट आधी, मग राहिलेल्या वजनावर मातीची."

सोयाबीनच्या पोत्यासारखा माझा पगार कापला होता. तरीही मला वाटलं, माणसाची सवय आहे, चुकले असतील. मी वहीतलं पान फाडलं आणि त्यांच्यापुढं बेरीज केली. सहा हजार, अठराशे आणि आठशे चाळीस. आठ हजार सहाशे चाळीस. बारा हजारांतून गेले, उरले तीन हजार तीनशे साठ.

"हे कुठं गेले?"

मामांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "माल मोजताना खाली सांडतंय त्ये शेतकरी घेऊन जात न्हाय. दुकानाचं असतंय. घरात सांडलं त्ये घराचं."

म्हणजे चूक नव्हती. उरतंय हे त्यांना पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो अंगणातल्या गाडीकडं बघत होता. दिराची नवी मोटरसायकल, हप्ता तीन हजार तीनशे. दिराला कामधंदा नाही, आणि हप्ता कसा भरतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मीच भरत होते. माझे एसटीचे पैसे मात्र त्यांनी हौसेत धरले होते, आणि ते मागताना मला दर महिन्याला लाज वाटायची.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू गणिताची," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला कळलं असंल. तू गप हाय म्हंजी चालतंय."

हे ऐकून मी उठले. मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. सासऱ्यांनी लुबाडलं ते लुबाडलं, त्यांच्यामागं निदान तीस वर्षांची खोड होती. पण माझ्या गप्प बसण्याची नवऱ्यानं संमती करून टाकली, आणि रोज माझ्याच हातची भाकरी खाल्ली. त्याचं खाकरणंसुद्धा मला सहन होईना. सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात एवढं चोख असू नये बायमाणसानं." त्या चांगल्या मनाच्या आहेत, त्या दिवशी त्यांचाही वीट आला.

प्रवेशाची तारीख गेली. चोवीस हजार नव्हते आणि उसने मागायची माझी इच्छा नव्हती. बँकेत जाऊन मी जुनं कार्ड बंद करून नवं घेतलं. पुढच्या पगाराला मी स्वतः वाटणी लिहिली, या वेळी रुपयांत: गरज सहा हजार, हौस तीन हजार सहाशे, बचत दोन हजार चारशे. एकूण बारा हजार. कागद मामांपुढं ठेवला. त्यांनी बोटांवर मोजत दोनदा बेरीज केली.

"मग राह्यलं काय?"

"काही नाही."

ते तिसऱ्यांदा बेरीज करायला लागले. तेवढ्यात नवऱ्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघा, हौसंत छत्तीसशे हायत. गाडीचा हप्ता बसतोय की त्यात. वर तीनशे उरत्यात."

दहा महिन्यांत तो एवढंच शिकला होता. मी कागद परत घेतला आणि हौस या शब्दाच्या आधी 'माझी' असं लिहिलं.