एका पायडलला चार पावलं

डिसेंबरातल्या त्या सकाळी मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. सीमाभागातल्या हिंडलग्याच्या अलीकडे आमचं घर, आणि तिथून शाळेपर्यंत अडीच किलोमीटरचा रस्ता. थंडीत त्या रस्त्यावर धुकं असं पसरायचं, की पलीकडच्या शेतातला माणूस कमरेपासून वरच तेवढा चालताना दिसे. त्या धुक्यात माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळून, एक बारीक आवाज यायचा. चीं... चीं... चीं. माझ्या मुलाच्या सायकलचा. तो ऐकू आला, की पोरगं जागच्या जागी आहे असं समजून मी धावत राहायची.

तेव्हा तो दहा वर्षांचा होता. दसऱ्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला, आणि एका सकाळी शाळेला जाताना उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला तो कडेला गेला. डांबराची कड सोडून चाक खाली मुरमात उतरलं आणि तो डाव्या हातावर आपटला. हाडाला बारीक चीर गेली होती. तीन आठवडे प्लास्टर. ट्रॉली त्याच्यापासून चार हात लांबून गेली होती असं बघणाऱ्यांनी सांगितलं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती रोज चार बोटांवरून जायची.

प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं पहिली गोष्ट विचारली ती सायकलची. त्याचे वडील, आप्पा, कारखान्यात पहिल्या पाळीला जातात, सहालाच बाहेर पडतात. ते म्हणाले, "जाऊ दे की. पडल्याबिगर कुणाला सायकल आलीया?" मला ते पटलं नाही. मी सांगून टाकलं, की सायकल न्यायची तर मी बरोबर येणार. आणि मला काही सायकल येत नाही, तेव्हा मी येणार धावत.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या वयात पळतीस व्हय गं? बस चुकल्यागत दिसंल."

"दिसू दे," मी म्हणाले. मी हट्टाला पेटले की घरात कुणी वाटेला जात नाही. नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट पुढे कापूस कोंबून घातले, ओढणीची गाठ मारली आणि निघाले.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपण इथंच रस्त्यावर मरणार. टाच आधी आपटायची, त्यामुळे नडगीत कळ जायची. बरगडीखाली सुई टोचल्यागत व्हायचं. तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडायचा. मी उजवीकडे, रहदारीच्या बाजूला. तो डावीकडे, कडेनं. ट्रॉली आली तर आधी मला लागेल, हा माझा हिशेब. त्याला मी तीन नियम घालून दिले होते. कड सोडायची नाही. मागं वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं. आणि दोन बोटं कायम ब्रेकवर.

थांबायची मात्र सोय नव्हती. सायकल फार हळू झाली की डुलायला लागते, हँडल डावीउजवीकडे शोधत बसतं. तो डुलला की मला ती मुरमाची कड दिसायची. म्हणून मी जीव खाऊन पळायची. त्याला वेग मिळावा म्हणून. डेअरीवर दुधाच्या किटल्या घेऊन उभी असलेली माणसं गंमत बघायची. "वैनी, आज पैला नंबर कुणाचा?" एक कानडी म्हातारे रोज फिरायला यायचे, ते तेवढे कळवळ्यानं सावकाश जायला सांगायचे, "सावकाश होगरी अक्का, सावकाश!" मला उत्तर द्यायला श्वासच उरलेला नसायचा. बोलणं तर लांबच. घरी व्हय-न्हायच्या पलीकडे न जाणारं माझं पोरगं वाटेत काही बोलेल अशी मला आशा होती. पण तो समोर बघत गप्प, मी धापा टाकत गप्प, आणि आमच्या मधे ते चीं चीं.

मला तो आवाज आवडायला लागला होता, हे कबूल करते. झोपेतही तो यायचा. स्वप्नात रस्ता नसायचा, शाळा नसायची, नुसतं पांढरं धुकं आणि त्यात माझ्या शेजारी चाललेलं ते बारीक कुईकुई. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. त्यानं मोठं होऊ नये, मी थांबू नये. शाळेच्या फाटकात तो आत गेला की रस्ता एकदम रिकामा वाटायचा, आणि मी चालत घरी यायची.

संक्रांतीच्या आधी एका शनिवारी चीं चीं ऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. दुपारी मी सायकल कोपऱ्यावरच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानातले काका गेली कित्येक वर्षं तिथंच बसतात. पडल्यानंतर वाकलेलं चाकही त्यांनीच सरळ केलं होतं. त्यांनी सायकल उलटी ठेवली, मागचं चाक फिरवलं, आणि मान हलवली.

"वैनी, रबर संपलं की ओ. लोखंड घासतंय रिंगला."

"ब्रेकचं? आत्ता तर नवीन घातलं होतं तुम्ही."

"मीच घातलंय. दीड महिना झाला न्हाय." त्यांनी रिंगवरनं बोट फिरवून मला दाखवलं. बोट काजळागत काळं. "हे बघा, भुकटी. पोरगं ब्रेक धरूनच चालवतंय."

मी म्हणाले, "भीती बसलीय हो त्याला. पडलाय ना."

काकांनी पुढच्या चाकाच्या ब्रेकवर नख टेकवलं. तिथली रबरं कोरी होती, त्यांच्या खाचासुद्धा बुजल्या नव्हत्या.

"भ्यालेलं पोर दोन्ही ब्रेक आवळतंय, गच्च, उताराला. ह्यानं मागलाच धरलाय. हळूच. सपाटीला बी. रोज, लांबवर." मग पान्यानं नट सोडवत ते सहज म्हणाले, "कुणाची तरी वाट बघत चालवल्यागत."

मी तिथंच बाकड्यावर बसले. दीड महिना जो आवाज मी लेकराच्या श्वासागत कानात साठवत होते, तो ब्रेकचा होता. माझं पोरगं ब्रेक दाबून मला सांभाळत होतं. मी त्याला वेग मिळावा म्हणून ऊर फाटेस्तोवर पळत होते, आणि मी मागं पडू नये म्हणून तो रबर जाळत होता. दोघंही आपापल्या चालीनं जात नव्हतोच.

घरी येऊन विचारलं तर त्यानं वहीतनं मान वर केली नाही. "तू दमतीस की गं."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तू भितीस," तो म्हणाला. "मी पुढं गेलो की लई भितीस. गाठतीस तवा तोंड पांढरं असतंय तुझं."

मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर आलं म्हणून रागही आला. भीती त्याच्या हातात बसली आहे असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. ती माझ्यात होती, आणि हे पोरगं ती रोज अडीच किलोमीटर आपल्या दोन बोटांवर पेलत होतं.

सोमवारी मी चौथा नियम केला. "ब्रेकवरची बोटं काढ. मी बी पळापळ करणार न्हाय. दमले तर सांगीन, तू डुलायला लागलास तर सांग. बघू जमतंय का."

नव्या रबराची सायकल आवाज न करता निघाली. पहिल्यांदा तो पुढं गेला, मग पायडल सोडून नुसती चाकं फिरू दिली, मी गाठलं. मग मीच पुढं, आणि तो डुलत मागं. डेअरीपर्यंत आमचं हे असंच चाललं. डेअरीनंतर सपाट रस्ता लागतो. तिथं मी पावलं लहान केली. टाच न आपटता, पाय शरीराच्या खालीच पडेल अशी. आणि माझी नजर त्याच्या गुडघ्यावर गेली. उजवा गुडघा वर आला, की माझं एक पाऊल. दोन, तीन, चार, आणि गुडघा पुन्हा वर. एका पायडलला चार पावलं. मी श्वास त्यावर बसवला: दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. त्याचं एक पायडल म्हणजे माझा एक श्वास. बरगडीतली सुई कुठं गेली कळलंच नाही. सायकल ओढल्यासारखी नाही, अडवल्यासारखी नाही. डुलण्याच्या जरा वर आणि धापेच्या जरा खाली, असा एक वेग होता, तो दोघांचाही होता. आमच्या खालचा रस्ताच सरकतोय आणि आम्ही धुक्यात नुसते तरंगतोय असं वाटत होतं.

आणि मला बोलता येत होतं! "चार," मी म्हणाले.

"काय चार?"

मी सांगितलं. तो मोजायला लागला. मग जो बोलायला लागला तो थांबेना. कानडीच्या बाई हसल्या की त्यांचा चष्मा घसरतो. प्लास्टरवर वर्गातल्या कुणी काय लिहिलं होतं. डबा तो कुणाबरोबर खातो. आणि मग, तसंच समोर बघत, "वर्गातली पोरं चिडवत्यात. आई मागं पळती म्हून."

"आणि तू काय म्हणतोस?"

"म्हणतो, मागं न्हाय. बाजूला."

असे आम्ही तीन आठवडे धावलो. माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते ते. म्हणूनच त्या दिवशी डेअरीपाशी त्यानं विचारलं, "आई, हितनं मी एकला जाऊ?" तेव्हा माझ्या तोंडात पहिला शब्द 'नको' आला होता. मागून ट्रॉलीचा आवाजही येत होता. मी त्याच्या हाताकडे बघितलं. दोन बोटं हळूच ब्रेकवर गेली होती. माझ्यासाठी.

"बोटं काढ," मी म्हणाले. "जा."

तो गेला. ट्रॉली आली, तो कड धरून सरळ राहिला, ट्रॉली गेली. मागं बघ, मागं बघ, असं मी मनात म्हणत होते, पण नियम माझाच होता. त्यानं बघितलं नाही. मी गुडघा मोजत राहिले, पण त्याला आता चार पावलं लागत नव्हती. दोन-तीन पावलांतच गुडघा वर येत होता. हा त्याचा वेग होता तर. धुक्यानं त्याला घेतलं आणि कुठलाच आवाज आला नाही.

मी घरी चालत आले नाही, धावत आले. दोन आत, दोन बाहेर.

संध्याकाळी तो खेळायला गेल्यावर मी अंगणात सायकलपाशी वाकले आणि मागच्या रिंगवरनं बोट फिरवलं. बोट कोरं होतं. मी ते ओढणीला उगीचच पुसलं.