अण्णांचा फोन आला नाही

जालन्याच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत, बियाण्याच्या कापडी पिशव्या शिवण्याचा एक छोटा कारखाना आहे. मालक पुंजाराम, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे तीर्थपुरीकडचे शेतकरी. बारा बाया मशिनीवर बसतात, एक जण पिशव्यांवर छपाई करतो, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत हिशेबाला अरुंधतीबाई बसतात.

अरुंधतीबाईंना चौकशीची खोड जन्मापासूनची. बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत मेथी आहे की शेपू, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लहानपणी जुन्या जालन्यात राहत असताना पोस्टमनच्या मागे मागे फिरून कोणाचं पत्र कुठून आलं ते विचारायच्या आणि आईचा मार खायच्या. पुढे वीस वर्षं एका सीएच्या ऑफिसात काढली, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. खोड मात्र गेली नाही. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही, कारण या गोष्टीत जे काही नीट झालं ते त्या खोडीमुळेच झालं.

झालं असं, की घनसावंगीच्या बद्रीनाथ यांच्या बियाणे कंपनीला एप्रिलमध्ये पिशव्या गेल्या. माल पोचला, तिकडच्या गोदामाची सही-शिक्क्याची पोच आली. बिल पावणेपाच लाखांचं, आणि पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असं ऑर्डरवरच लिहिलेलं. जून सरत आला, पेरण्या झाल्या, त्या पिशव्यांतलं सोयाबीन रानात उगवूनही आलं, पण पैसे आले नाहीत.

अरुंधतीबाईंनी पहिला मेल पाठवला तो अगदी लोण्यासारखा. ‘सप्रेम नमस्कार. हंगामाच्या धांदलीत आमचं बिल नजरेतून सुटलं असेल, म्हणून आठवण करतो. सोबत बिलाची प्रत जोडली आहे. पैसे याआधीच पाठवले असल्यास या मेलकडे दुर्लक्ष करावं.’ रीतीप्रमाणे त्याची एक प्रत अण्णांच्या फोनवरही गेली. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘पाहतो.’

पंधरवड्यानं दुसरा मेल गेला. त्यात ‘सप्रेम’ गळालं, नुसता ‘नमस्कार’ राहिला. बिलाच्या जोडीला गोदामाची पोच जोडली आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते कळवा, असं सरळ विचारलं. उत्तर आलं: ‘ताई, बिलकुल काळजी करू नका. अण्णांना रामराम सांगा.’

तारीख काही कुणी कळवली नाही. ऑगस्टमध्ये तिसरा मेल गेला. आता ‘महोदय’. सोबत खात्याचा उतारा. आमचा कारखाना लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे, मुदत उलटल्यावर कायद्यानं व्याज लागतं, आणि तेही दरमहा चक्रवाढीनं, रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, हे स्वच्छ शब्दांत लिहिलं. अरुंधतीबाईंना वाटलं, आता तरी समोरचा चिडेल, नाहीतर घाबरेल. चौथ्या दिवशी घनसावंगीहून एक जीप आली आणि मोसंब्यांची पेटी उतरवून गेली.

अरुंधतीबाई पेटीकडे बघतच राहिल्या. व्याजाची धमकी दिली की मोसंब्या येतात, हे त्यांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मेल जितका कडक, तितकं उत्तर गोड, हा काय प्रकार आहे? बायांनी मोसंब्या वाटून घेतल्या. अण्णांनी एक सोलली आणि निम्मी तशीच ठेवून बाहेर निघून गेले. तेही अरुंधतीबाईंनी पाहून ठेवलं.

इकडे कारखान्याची ओढाताण चालली होती. बायांना अर्धाच पगार मिळत होता. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या बियाण्याच्या ऑर्डरी हातात होत्या, पण कापडवाल्यानं मागचं चुकतं केल्याशिवाय तागा द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दसऱ्याआधी कापड आलं नाही तर मशिनी थांबणार होत्या. सगळ्यांत जुन्या शिवणाऱ्या सोनूबाईनं तर सांगूनच टाकलं, की सोयाबीन काढायला बाया मागून राह्यलेत, आम्ही तिकडं जाऊ, आणि एकदा गेलो की मंग परत यायचं काही खरं न्हाई.

त्या दिवशी अरुंधतीबाईंनी बद्रीनाथ यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथले हिशेबनीस केशव चांगल्या वळणाचे गृहस्थ. बाईंनी पैशांचं नावच काढलं नाही. मेल पोचतात ना, की कुठं अडकतात, एवढंच विचारलं.

केशवराव म्हणाले, मेल बराबर पोचतात, मालक स्वतः वाचतात. मग जरा थांबून हसले. “पण ताई, तुमचा मेल आला की मागून अण्णांचा फोन येतोच ना.”

“काय म्हणतात अण्णा?”

“म्हणतात, बाईचं ते कामच हाये, तू मनावर घेऊ नको. सवडीनं दे.”

केशवरावांनी पुढचंही सांगितलं. दर शुक्रवारी कुणाला पैसे द्यायचे ते ठरतं. जो जास्त तगादा लावतो तो वर. अण्णांचं नाव निघालं की मालक म्हणतात, अण्णांचं राहू द्या, ते घरचे आहेत. आणि ते नाव पुढच्या शुक्रवारावर जातं.

फोन ठेवला तेव्हा अरुंधतीबाईंचे कान तापले होते. त्यांना राग आला, खरा राग. तीन महिने त्या एकेक शब्द तोलून पायरी चढत होत्या, आणि त्यांच्या मागून अण्णा शिडीच काढून घेत होते. बारा बायांचा अर्धा पगार अडला होता, आणि हा माणूस फोन करून माफी मागत होता. त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उगाच दोनदा दाबला.

पण रागाच्या मागोमाग ती खोड आलीच. का करत असतील? अण्णा भित्रे नव्हते. वीजमंडळाच्या साहेबाशी भांडताना त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. बाईंना सहज जमली असती अशी एक युक्तीही होती: पुढच्या मेलची प्रत अण्णांना पाठवायचीच नाही. त्यांना कळलंच नसतं. पण आता पुढची पायरी नोटिशीची होती, आणि नोटिशीवर मालकाची सही लागते. शिवाय मालकाच्या पाठीमागे मालकाचं काम करायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून संध्याकाळी बाया घरी गेल्यावर त्यांनी चहा मागवला आणि सरळ विचारलं.

अण्णांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, की मेल फोनवर आला की त्यांना तो पुरता वाचवतच नाही. खाली नाव त्यांचं असतं, आणि शब्द असे, की जसं बद्रीनाथ चोर आहे.

“पहिली ऑर्डर त्यानं दिल्ती, ताई. तवा माझ्याकडं एकच मशीन होती, ती बी जुनी. लोक म्हणले, ह्याच्याकडनं काय होतंय. त्यानं पैसे आधी दिल्ते. मंग आता त्याला व्याज सांगू मी?”

अरुंधतीबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. सहा वर्षं या खोलीत बसून, एवढ्या चौकश्या करून, हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. राग बराचसा उतरला. तरी सोनूबाईचं बोलणं त्यांनी अण्णांना सांगितलं, बाया निघाल्यात म्हणून. अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही बद्रीनाथला काही मागू नका,” बाई म्हणाल्या. “मागायचं काम माझं. तुम्ही फक्त फोन करू नका.”

अण्णांनी होकाराची मान हलवली. तेवढंसुद्धा त्यांना जड गेलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस तयार झाली. विषय: थकीत बिलाबाबत अंतिम सूचना. बिलाचा क्रमांक आणि तारीख, माल पोचल्याची तारीख, मुदत कधी संपली, आजवर पाठवलेल्या तीनही मेलच्या तारखा, मुद्दल किती, आजपर्यंतचं व्याज किती. पंधरा दिवसांत रक्कम जमा न झाल्यास लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या सरकारी समितीकडे अर्ज केला जाईल. त्यात नमस्कार नव्हता आणि एकही वाकडा शब्द नव्हता. बाईंनी ती अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली. आधीचे मेल त्यांनी फोनवर नुसते चाळले होते, हा मजकूर त्यांनी पूर्ण ऐकला. ऐकून म्हणाले, ह्यात खोटं तर काहीच न्हाई. आणि सही केली.

नोटीस मेलनं गेली, स्पीड पोस्टानंही गेली. अण्णांनी आपला फोन खिशातून काढला, बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवला, आणि जाऊन बायांमध्ये बसून पिशव्यांचे दोरे कापायला लागले. सोनूबाईनं दोनदा सांगितलं की अण्णा, राहू द्या, वाकडं कापून राह्यले तुम्ही. ते काही उठले नाहीत.

घरी जाताना फोन बरोबर नेत होते, पण सकाळी आले की पुन्हा खणात. तिसऱ्या दिवशी दुपारी खणात फोन वाजला. पडद्यावर बद्रीनाथ यांचं नाव होतं. अण्णा बँकेत गेले होते. बाईंनी फोन उचलला.

“अण्णा कुठंयत?” बद्रीनाथ यांचा आवाज बारीक झाला होता. “बरे हायेत ना?”

“बरे आहेत. का हो?”

“मेल येऊन तीन दिवस झाले. अण्णांचा फोन न्हाई आला.”

एवढे महिने पडलेलं कोडं अरुंधतीबाईंपुढे असं फोनवरच सुटत होतं. व्याजाचा दर, कायदा, सरकारी समिती, यातलं त्या माणसाला काहीच लागलं नव्हतं. लागलं होतं ते एवढंच, की फोन आला नाही.

“मेल वाचलात ना तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“वाचला.” “अण्णांना लई राग आलाय का, ताई?”

“राग नाही. बायांना पुरा पगार नाही, म्हणून फोन करायला तोंड नाही त्यांना.”

फोन ठेवल्यावर तासाभरात पैसे खात्यात आले, पूर्ण मुद्दल. बाईंनी व्याजाचं विचारलं तेव्हा अण्णांनी हातानंच नाही म्हटलं, आणि बाईंनीही फार ताणलं नाही. कापडवाल्याला त्याच दिवशी पैसे गेले, सकाळी तागे उतरले. सोनूबाईनं पदर खोचला आणि पहिला तागा स्वतः फाडला.

पैसे मिळाल्याची पोच अरुंधतीबाईंनी मेलनं पाठवली आणि तिची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’नं केली. मग खण उघडून फोन अण्णांसमोर ठेवला.

“आता करा,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा चढवला, नंबर लावला. बाईंनी संगणकाकडे तोंड केलं खरं, पण कान तिकडेच होते. तिकडून काहीतरी घाईघाईनं बोलणं चाललं होतं, बहुतेक माफी मागणं. अण्णांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच माफी त्यांना मागावी लागली नव्हती.

“आरे, असू दे, बद्री,” अखेर ते म्हणाले. “मोसंब्या लई गोड होत्या. पण त्यांच्यानं कापड येत न्हाई रे.”