आईच्या खोलीतला पाइप

सिंदी मेघेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शिकलेल्या लोकांची कमतरता नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. बाकीच्या कमिटीत दोन मास्तर, एक बँकेतले साहेब. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे या लोकांबद्दल मला फार आदर होता. तो कसा गेला, ते लिहायचे आहे.

आई आणि मी पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली पार्किंग. आई दवाखान्यात आयाचे काम करते, ठेकेदाराकडून. सातची ड्यूटी, म्हणून पाचला उठायची. तिच्या पलंगाच्या डोक्याशी, खोलीच्या कोपऱ्यात, प्लायवूडची उभी पेटी होती आणि पेटीच्या आत वरच्या दोन्ही मजल्यांच्या संडासांचा पाइप. दिवसा त्याच्याकडे लक्ष जात नसे. रात्री सगळे निजले, की वरून कुणीतरी फ्लश करायचे आणि बादलीभर पाणी आईच्या उशाशी ओतल्यासारखा आवाज व्हायचा. मग खाली दणका, आणि शेवटी आमच्याच संडासातून गुडगुड. सेक्रेटरी रात्री किमान तीनदा उठत. हे मला का माहीत असावे, याची मला तेव्हाही लाज वाटे.

मार्चमध्ये आई ड्यूटीवर स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. सुपरवायझरने पाहिले. पुन्हा दिसलीस तर दुसरी बाई ठेवीन, असे ठेकेदाराने सांगितले. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "माहा डोळा लागला वो पोरी. मले समजलंच नाई."

मी रविवारच्या मीटिंगला गेले. कागदावर मुद्दे लिहून नेले होते, ते उभी राहून वाचून दाखवले.

सेक्रेटरींनी ऐकून घेतले आणि चष्मा पुसला. "बेटा, तू काय शिकतेस?"

"बी.ए., सर. दुसरं वर्ष."

"मग पाण्याचं मला सांगू नको. तीस वर्षं मी कालवे पाहिले. पाणी वाहणार तर आवाज होणारच."

बँकेतले साहेब हसून म्हणाले, "आता संडासला जायचं तरी भाडेकरूंना विचारून का?"

सगळे हसले. एका मास्तरांनी दयेने सल्ला दिला, की पेटीत कापूस ठासून भरा, आवाज मरतो. मी त्यांचे आभार मानले. आज आठवले की त्या आभारांचीच मला सर्वांत जास्त चीड येते.

जुनी गादी उसवून मी पेटीची फळी काढली आणि मुठीने कापूस कोंबला, अगदी दडपून. त्या रात्री आवाज वाढला. पाणी कमी खळखळत होते, पण पेटी ढोलासारखी घुमत होती. आई उशी घेऊन स्वयंपाकघरात, फ्रिजजवळ जाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरी भेटले. "काय, झाला का प्रयोग?" आणि वर जाईपर्यंत हसत राहिले.

आईच्या दवाखान्यात नळदुरुस्तीला येणारे एक म्हातारे प्लंबर होते. आईने त्यांना घरी बोलावले. कमिटीतल्या एकालाही जे सुचले नव्हते, ते त्यांनी आल्या आल्या केले. मला वर पाठवून दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना फ्लश करायला सांगितले आणि स्वतः पाइपवर तळहात ठेवून उभे राहिले. मग पेटीवर, मग भिंतीवर. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन छताखालचा पाइप पाहिला.

"कापूस कोन भरला?"

"मी, काका."

"काऊन एवढा दाबून? आता पाइपचा हादरा सीदा फळीले जाऊन राह्यला. फळी पातळ, थे वाजते." त्यांनी कापूस उपसायला सुरुवात केली. "अन् हा पीव्हीसी. पयले बिडाचे, ओतीव लोखंडाचे पाइप राहत. जड. आवाज आतच ठेवत."

त्यांनी क्लॅम्प दाखवले. लोखंडी पट्ट्या पाइपला थेट आवळून भिंतीत ठोकल्या होत्या, मध्ये रबर नाही. पाइप थरथरला की भिंतही थरथरणार. पार्किंगच्या छताखाली, बरोबर आईच्या पलंगाच्या खाली, उभा पाइप एकाच बेंडमध्ये काटकोनात आडवा वळत होता. तिसऱ्या मजल्यावरून आलेले पाणी तिथेच आपटत होते. तोच तो दणका.

"अन् गुडगुड?" मी विचारले.

"ते गच्चीवर पाहू."

गच्चीवर पाइपचे टोक गुडघ्याएवढे वर आले होते आणि त्यावर प्लास्टिकचे झाकण घट्ट बसवले होते. शेजारी खाटेवर सेक्रेटरींच्या बायकोचे पापड वाळत होते. मागच्या उन्हाळ्यात पापडांना वास येतो म्हणून कमिटीने ठराव करून ते झाकण बसवले होते. ठराव! तीस वर्षं पाणी पाहिलेल्या माणसाची त्यावर सही होती.

"पानी खाली पडते तवा मांगून हवा ओढते," काका म्हणाले. "वरून हवा बंद केली, तर कोठून ओढीन? तुमच्या संडासातल्या पान्यातून. म्हनून गुडगुड."

सेक्रेटरी वर आलेच. "झाकणाला हात लावायचा नाही. घरच्या लोकांचं वाळवण आहे इथे."

काकांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिले. "साहेब, तुमच्या कमोडात पानी टिकते का? का हवेसंगं खाली ओढल्या जाते अन् पाइपातला वास वर येते?"

 सेक्रेटरींच्या मागून वर आलेली त्यांची बायको म्हणाली, "अहो, म्हणजे तो वास? तुम्ही तर म्हणत होता, झाडूवाली फिनाईल टाकत नाही!"

वर्षभरात सेक्रेटरींनी त्या कारणासाठी दोन झाडूवाल्या काढल्या होत्या.

झाकण त्याच दुपारी निघाले. आईच्या झोपेसाठी नव्हे, साहेबांच्या नाकासाठी. काकांनी पाइप माणसाच्या डोक्यावर जाईल इतका उंच करून वर जाळी बसवली, म्हणजे वासही पापडांवरून वर निघून जाईल. पाइप सामाईक होता आणि चूक उघडी पडली होती, त्यामुळे आता कमिटीला बाकीचे कामही मुकाट करावे लागले. काटकोनाचा बेंड कापून अर्ध्या वळणाचे दोन बेंड, मध्ये सरळ तुकडा देऊन बसवले, म्हणजे पाणी आपटणार नाही. क्लॅम्पमध्ये रबराच्या पट्ट्या आल्या. आमच्या खोलीत काकांनी पाइपला आधी नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे मऊ कापड गुंडाळले, त्यावर जड रबरी चादर, सांधे चिकटपट्टीने बंद. नवी पेटी सिमेंट शीटच्या दुहेरी थराची, आतून काचलोकर, पण पाइपला कुठेच न टेकणारी. फटीही त्यांनी भरून घेतल्या. "मुंगी जाईन तेवढी फट ठेवली तरी आवाज येते," ते म्हणाले.

आवाज अगदी गेला असे नाही. कान दिला तर सरसर ऐकू येते. पण त्या आठवड्यात आई पलंगावर परतली.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सांगितले, की इमारतीतला जुना तांत्रिक दोष त्यांनी शोधून काढला. टाळ्या वाजल्या. कापूस सुचवणाऱ्या मास्तरांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मी मागे बसून होते. बोलावेसे वाटले, बोलले नाही. खरे सांगायचे तर मला भीती वाटली.

त्याच रात्री नऊ वाजता सेक्रेटरींनी आमचे दार वाजवले. हातात मोबाइल.

"बेटा, आईला उठव. पेटीजवळ उभं राहून कसा फरक पडला ते सांगेल. दोन मिनिटांचा व्हिडिओ. ग्रुपवर टाकायचा आहे."

आईच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. ती कुशीवर, तोंड किंचित उघडे टाकून निजली होती.

"आई झोपली आहे," मी म्हणाले.

"अगं, दोनच मिनिटं..."

"झोपली आहे," मी पुन्हा म्हणाले, आणि आपटू नये म्हणून हाताने धरून बाहेरचे दार लावले.