डीलरच्या गोदामातले दहा आठवडे

परळला आमचं ऑफिस एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होतं. कंपनी मिक्सर आणि पंखे विकायची. तिमाही संपली की विक्रीचा डॅशबोर्ड उघडून संचालक बाईंसाठी एका पानाचा आढावा मी करायचे. डॅशबोर्डवर चाळीसेक आकडे होते, आणि विक्रीप्रमुखाला त्यातले फक्त हिरवे, म्हणजे टार्गेट गाठलेले, हवे असायचे.

तो लालबागचा, मीही लालबागची. आमचे वडील एकाच गिरणीत होते. पण त्यामुळे आमच्यात कधी जिव्हाळा आला नाही.

त्या दिवाळीआधीच्या तिमाहीत संचालक बाईंना एकच ठरवायचं होतं: कारखान्याचं उत्पादन वाढवायचं की नाही. मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारत गेले, हा बदलला तर त्यांचा निर्णय बदलेल का? वेबसाइटवरच्या भेटी गेल्या, नवे डीलर गेले, शहरवार क्रमवारीही गेली. शेवटी तीन उरले. आम्ही डीलरना विकलेला माल टार्गेटपेक्षा दहा टक्के वर होता. डीलरनी गिऱ्हाइकांना विकलेला माल गेल्या वर्षीच्या याच तिमाहीइतकाच होता. आणि डीलरकडे पडून असलेला साठा, म्हणजे तो विकायला लागणारा वेळ, सहा आठवड्यांवरून दहावर गेला होता. माल आमच्या दारातून बाहेर पडला होता, पण दुकानातून हलला नव्हता.

पान पाहून विक्रीप्रमुख माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"पहिला ठेव. बाकीचे दोन काढ."

"मग उत्पादन वाढेल."

"वाढू दे ना. दिवाळी तोंडावर आहे, डीलर माल भरणारच. तू कधी उन्हात दुकानं फिरलीस?"

त्याचा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून मी गेल्या वर्षीचा साठा काढला. दिवाळी तेव्हाही तेवढीच तोंडावर होती आणि साठा होता सात आठवड्यांचा. तो आकडा मी दहाच्या शेजारी लिहिला. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात जादा सूट देऊन माल ढकललाय हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

त्याने आवाज खाली आणला. "माझ्या पोरांचा इन्सेंटिव्ह अडकेल. आपलीच माणसं आहेत ती."

"इन्सेंटिव्ह पहिल्या आकड्यावर आहे. तो मी वरच ठेवलाय."

"आणि बाई पुढचं टार्गेट, पुढची स्कीम कशावरून ठरवणार? तुझ्या खालच्या दोन आकड्यांवरून." मग तो थांबला आणि हसला. "तुझा बाप गिरणीच्या संपात कामावर गेला होता ना? पोलिसांच्या गाडीतून? तुमच्या रक्तातच आहे ते."

वडील गेले होते, हे खरं. त्यानंतर चाळीत आमच्याशी कोणी बोलत नव्हतं. आई नळावर जायची तेव्हा बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. हे त्याला त्याच्या घरातून कळलं असणार. मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी पान तसंच ठेवलं आणि त्याच्या देखत बाईंना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी तीन आकडे वाचले, प्रत्येकाखाली एकेक वाक्य, आणि शेवटी शिफारस: साठा उतरेपर्यंत उत्पादन वाढवू नये. बाई गिरगावच्या, शुद्ध आणि थंड बोलायच्या.

"हे खरं आहे?" त्यांनी त्याला विचारलं.

"मॅडम, ह्या नुसत्या कागदावरून बोलतायत. बाजार वेगळा आहे."

"बाजार दुसऱ्या ओळीत आहे. तो वाढलेला दिसत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "साठा एका दिवसात वाढत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही काय करत होतात?"

दर महिन्याला मी एक छोटं पान करायचे, त्यावरून साठ्याचा आकडा विक्रीप्रमुखानेच वगळायला लावला होता. मी ते सांगितलं. तो टेबलापलीकडून माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी दोघांनाही खडसावलं आणि उत्पादन आहे तेवढंच ठेवलं.

दिवाळीनंतर डीलर माल परत घ्या म्हणून फोन करू लागले. तेव्हाही मला कोणी बरोबर म्हटलं नाही. पोरांना त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह मिळाला, पण पुढच्या तिमाहीपासून तो डीलरने गिऱ्हाइकाला विकलेल्या मालावर ठरू लागला. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसले की टेबल रिकामं व्हायचं.

पुढच्या आढाव्याच्या आदल्या दिवशी विक्रीप्रमुख स्वतःचं पान घेऊन बाईंकडे गेला. त्यावरही तीनच आकडे होते, तिन्ही हिरवे. बाईंनी ते माझ्याकडे पाठवलं. साठा त्यात नव्हता. मी एक हिरवा आकडा खोडला, तिथे साठा लिहिला, आणि पान परत त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने मान वर केली नाही.